डबा सुरू करण्याआधी हिशेब: एका महिन्याच्या चुकीतून शिकलेली पद्धत

पुण्यात हडपसरला एका खानावळीत मी सहा वर्षे काम केले. रोज दीडशे माणसांचा स्वयंपाक हातून जात असे, त्यामुळे शिरवळजवळच्या आमच्या गावी परत आल्यावर औद्योगिक वसाहतीतल्या कामगारांना दुपारचे डबे द्यायचे ठरवले, तेव्हा आपल्याला शिकायचे काही उरले आहे असे मला वाटले नव्हते. जानेवारी 2024 मध्ये मी 22 डब्यांनी सुरुवात केली. आसपास डबा 60 रुपयांना मिळत होता, म्हणून मीही 60 सांगितले आणि महिना लावणाऱ्याला 1,500. बाजारहाटाचा खर्च डब्यामागे 27 रुपये येतो असे मी मनाशी धरले होते. म्हणजे डब्यामागे 33 रुपये सुटणार आणि 26 दिवसांत साधारण 19,000 रुपये हाती येणार.

महिना संपला तेव्हा पैसे ठेवायच्या पत्र्याच्या डब्यात 1,200 रुपये होते. गिऱ्हाइकांकडे 4,500 रुपये उधार होते आणि कणगीतले पाऊण क्विंटल गहू संपले होते. चोरी झाली नव्हती, नासाडीही फारशी नव्हती. माझा स्वयंपाक ठीक होता, चूक होती ती किंमत काढण्यात. ती चूक कशी सापडली आणि दुरुस्त कशी केली, ते त्याच क्रमाने खाली लिहिले आहे. आकडे माझ्या त्या वेळच्या खरेदीचे आहेत, तुम्ही तुमचे भाव घाला. पद्धत तीच राहील.

आधी जवळ काय हवे

हिशेबासाठी ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला वजनकाटा, एक दोनशे पानी वही, बाजारातल्या खरेदीच्या चिठ्ठ्या ठेवायला एक पिशवी आणि गॅसची टाकी लावल्याची तारीख लिहायला भिंतीवरचे कॅलेंडर पुरते. नोंदणीसाठी आधार कार्ड, फोटो, स्वयंपाकघराच्या पत्त्याचा पुरावा, आणि जागा भाड्याची असेल तर मालकाचे संमतिपत्र काढून ठेवा. नोंदणीबद्दल पुढे लिहिले आहे.

1. पहिला आठवडा दर ठरवू नका, फक्त वजन करा

माझ्या सासूबाईंचे भाऊ पूर्वी एस.टी. स्टँडजवळ खानावळ चालवत. पत्र्याच्या डब्यातले 1,200 रुपये पाहून मी त्यांच्याकडे गेले, तेव्हा त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "पोरी, डब्याला कणीक किती लागते?"

मी म्हटले, "चार चपात्या देते, मामा."

"चपात्या नाही विचारल्या. कणीक किती?"

मला उत्तर देता आले नाही. दुसऱ्या दिवशी मी एक किलो पीठ मोजून मळले आणि चपात्या मोजल्या. लाटताना लावायच्या पिठासह त्या 30 भरल्या, म्हणजे चार चपात्यांना साधारण 133 ग्रॅम पीठ लागले. त्याच दिवशी मदतीला येणाऱ्या ताईंनी लाटलेल्या चपात्या मोजल्या, तर किलोला 25 च भरल्या, कारण त्यांचा गोळा मोठा होता. बावीस डब्यांच्या 88 चपात्यांवर हा फरक रोज अर्ध्या किलोहून अधिक पिठाचा होतो. तेव्हापासून मळलेल्या कणकेचे गोळे आधी 50 ग्रॅमचे करून ठेवायचे आणि मगच लाटायला घ्यायचे, असा नियम केला. पहिले चार-पाच गोळे काट्यावर ठेवले की हाताला अंदाज बसतो.

हेच बाकीच्या पदार्थांचे करा. डब्यामागे मी 60 ग्रॅम कच्चा तांदूळ, 30 ग्रॅम तूरडाळ आणि 20 ग्रॅम तेल धरते. तेल किती लागते हे डब्यामागे मोजता येत नाही. आठवड्याच्या सुरुवातीला आणि शेवटी तेलाच्या डब्याचे वजन करा आणि जो फरक येईल त्याला त्या आठवड्यातल्या डब्यांच्या संख्येने भागा. भाजी वाढायला एकच पळी ठेवा, आणि ती पळी काठोकाठ भरली की किती ग्रॅम होते ते एकदा पाहून वहीच्या पहिल्या पानावर लिहा. माझ्याकडे आधी दोन पळ्या होत्या आणि त्यांत 35 ग्रॅमचा फरक निघाला.

2. भाजीचा भाव निवडल्यानंतरच्या वजनावर काढा

बाजारात आपण विकत घेतो ती भाजी आणि कढईत पडते ती भाजी यांच्यामध्ये देठ, साली, टरफले आणि किडके भाग जातात. किती जाते, हे भाजीनुसार बदलते. कोबी 20 रुपये किलोने घेतला आणि त्यातला सहावा-सातवा भाग बाहेर गेला, तर निवडलेला कोबी साडेतेवीस रुपये किलो पडतो. मटारच्या शेंगा 60 रुपये किलोने घेतल्या आणि किलोभर शेंगांतून 450 ग्रॅम दाणे निघाले, तर तोच मटार 133 रुपये किलोचा होतो. बाजारात मटार कोबीच्या तिप्पट महाग दिसतो, पण कढईत पडेपर्यंत तो साडेपाच पटींहून महाग झालेला असतो.

हे काढायला सोपे आहे. दिलेल्या पैशांना निवडलेल्या भाजीच्या किलोतल्या वजनाने भागा. प्रत्येक भाजी निवडून झाल्यावर एकदा काट्यावर ठेवली तर दोन महिन्यांत तुमची स्वतःची यादी तयार होते. पालेभाज्यांच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्यावी लागते, कारण मेथी निवडताना तर घटतेच, शिवाय शिजताना पुन्हा बसते. नुसती मेथी देऊन डब्यातली वाटी भरणे परवडत नाही, म्हणून मी ती मुगाची डाळ घालूनच करते.

यातून आठवड्याच्या भाज्या कशा लावायच्या तेही कळते. मटकीची उसळ मला डब्यामागे साडेपाच रुपयांना पडते, कोबी साडेतीनला, वांगे पावणेसातच्या आसपास, मेथी-मूगडाळ बाराला, मटार-बटाटा साडेबाराला आणि गवार तेराच्या वर. सहा दिवसांची सरासरी 9 रुपये येते. ही सरासरी टिकावी म्हणून गवार आणि मटार लागोपाठ घेत नाही, त्यांच्यामध्ये कोबी किंवा मटकी येते. गिऱ्हाइकाला त्यात विविधता दिसते.

3. घरच्या धान्याला बाजारभाव लावा

या मुद्द्यावर आमच्या घरात आठवडाभर वाद चालला. मी वहीत गव्हाचे 32 रुपये किलो लिहिलेले पाहून सासूबाई म्हणाल्या, "आगं, घरचंच हाय की! त्याचं कसलं पैसं?" मलाही पहिल्या महिन्यात तसेच वाटले होते आणि म्हणूनच 27 रुपयांत गहू धरलेच नव्हते.

मी त्यांना विचारले, "आत्या, मेमध्ये कणगी रिकामी झाली तर घरात खायला गहू कुठून आणायचे?" त्यावर त्या काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी गहू काढताना त्यांनी स्वतःच काटा मागितला.

घरचे धान्य कोणत्या भावाने धरायचे, असा प्रश्न येतो. व्यापारी आपल्याकडून घेताना कमी भाव देतो, दुकानात तेच धान्य महाग असते. माझे मत असे की कणगीतला साठा घरखर्चापुरताच असेल तर दुकानातला भाव लावावा, कारण संपल्यावर तुम्ही त्याच भावाने विकत घेणार आहात. विकण्याइतके धान्य उरत असेल तर व्यापारी देतो तो भाव पुरे. दळणाचे किलोला 5 रुपये वेगळे धरा. घरची भाजी, दूध, शेंगदाणे यांनाही हाच नियम लावा.

हे सगळे धरल्यावर माझ्या एका डब्याचा कच्चा माल असा आला:

- चपात्या (गहू आणि दळण): 5.00
- तांदूळ: 3.00
- तूरडाळ: 4.80
- भाजी, सरासरी: 9.00
- तेल: 2.30
- मसाला, कूट, कांदा, टोमॅटो, कोथिंबीर, मीठ: 5.00
- कोशिंबीर किंवा लोणचे: 3.00

बेरीज 32.10 झाली. सांडलवंड, करपणे, एखादा जास्तीचा डबा यासाठी त्यावर पाच टक्के धरले, म्हणजे 33.70 रुपये. मी मनाशी धरलेल्या 27 रुपयांपेक्षा हे पावणेसात रुपये जास्त होते, आणि गॅस अजून यायचाच होता.

4. डब्यांबरोबर वाढणारा खर्च आणि तसाच राहणारा खर्च वेगळा लिहा

वहीचे पान मधोमध दुमडा. डब्यांची संख्या वाढली की जो खर्च त्याच प्रमाणात वाढतो, तो डावीकडे लिहा. त्यात कच्चा माल आणि गॅस येतो. गॅसचा खर्च काढण्यासाठी टाकी लावल्याची तारीख कॅलेंडरवर लिहा आणि ती संपेपर्यंत किती डबे गेले ते मोजा. माझी 19 किलोची टाकी 1,750 रुपयांना आली आणि 22 डब्यांना 18 दिवस पुरली. म्हणजे 396 डब्यांमागे 1,750, डब्याला 4.40 रुपये. डावीकडची बेरीज 38.10 झाली.

उजवीकडे असा खर्च लिहा, जो 15 डबे गेले काय आणि 30 गेले काय, महिन्याला जवळपास तेवढाच राहतो:

- मदतीच्या ताईंचा पगार, रोज 150 रुपये: 3,900
- स्कूटरचे पेट्रोल आणि दुरुस्ती: 1,500
- स्टीलच्या डब्यांची झीज: 640
- वीज आणि फोन: 400
- साबण, घासणी, फडकी: 300

डब्यांच्या झिजेबद्दल थोडे सांगते, कारण ही रक्कम बहुतेकजणी सोडून देतात. एका गिऱ्हाइकाला दोन डबे लागतात, एक कंपनीत गेलेला आणि एक घासून ठेवलेला. मी 350 रुपयांचे 44 डबे घेतले, त्यांचे 15,400 रुपये झाले. झाकण हरवणे, कडी तुटणे, नोकरी सोडून गेलेल्या माणसाबरोबर डबाही जाणे, हे पाहता ते दोन वर्षे चालतील असे धरले आणि महिन्याला 640 रुपये बाजूला ठेवायला लागले. नाहीतर दोन वर्षांनी पुन्हा एकरकमी 15,000 रुपये कुठून आणायचे?

5. स्वतःची मजुरी सर्वांत शेवटी नव्हे, याच यादीत लिहा

उजवीकडच्या यादीत अजून एक ओळ राहिली होती, ती मामांनी लिहायला लावली. "खुरपायला गेली असतीस तर काय मिळालं असतं?" असे त्यांनी विचारले. त्या वेळी आमच्याकडे बाईमाणसाला 300 रुपये रोज मिळत होता. सकाळी सहा ते दुपारी एक एवढे माझे काम होते, त्याला मी तोच रोज धरला. 26 दिवसांचे 7,800 झाले. उजवीकडची बेरीज 14,540 वर गेली.

महिन्याचे 22 गुणिले 26, म्हणजे 572 डबे. 14,540 ला 572 ने भागले की डब्यामागे सुमारे 25.40 रुपये येतात. डावीकडचे 38.10 आणि उजवीकडचे 25.40 मिळून एका डब्याची खरी किंमत 63.50 झाली. मी तो 60 ला विकत होते, आणि महिना लावणाऱ्याला तर 1,500 भागिले 26 म्हणजे 57.70 ला.

यावरून पहिल्या महिन्याचा उलगडा झाला. पत्र्याच्या डब्यातले 1,200 आणि येणे असलेले 4,500 मिळून 5,700 झाले. त्यातून वापरलेल्या गव्हाची किंमत, डब्यांची झीज आणि घरखर्चात मिसळलेले वीज-फोनचे पैसे वजा केले, तेव्हा सव्वादोन हजारांच्या आत-बाहेर रक्कम उरली. ती माझी महिन्याची मजुरी होती, दिवसाला 85 रुपये. कच्च्या मालाचे, गॅसचे, ताईंचे पैसे सगळे निघाले होते. सगळा तोटा एकट्या माझ्या मजुरीतून गेला होता, आणि मजुरी कुठे लिहिलेलीच नसल्यामुळे तो दिसत नव्हता.

6. महिन्याचा दर आणि खाडे एकाच हिशेबात बसवा

दर ठरवताना मी जो सापळा स्वतःच रचून ठेवला होता, तो असा. महिना लावणाऱ्याकडून मी डब्याला 57.70 घेत होते, पण त्याने खाडा केला की 60 रुपये वजा करत होते. खाडा केलेल्या दिवशी मीच त्याला 2 रुपये 30 पैसे जास्तीचे देत होते. शिवाय बरेच खाडे सकाळी नऊला फोनवर कळत, तोवर भाजी चिरून फोडणीला पडलेली असे. पहिल्या महिन्यात असे 40 खाडे झाले आणि 2,400 रुपये गेले.

आता दुमडलेल्या पानाकडे पाहा. एखाद्याने आदल्या दिवशीच नको म्हणून सांगितले, तर माझा फक्त डावीकडचा खर्च वाचतो. ताईंचा पगार, पेट्रोल आणि माझा रोज त्या दिवशीही तेवढाच लागतो. म्हणून मी असे ठरवले की आदल्या रात्री आठपर्यंत कळवलेल्या खाड्याचे 35 रुपये वजा होतील, त्यानंतर कळवलेल्याचे काही वजा होणार नाही. महिन्याचा दर 1,750 केला आणि सुटा डबा 75 रुपयांना.

एका गिऱ्हाइकाने विचारले, "वहिनी, जेवलोच नाही तर अर्धे पैसे कसले?" मी त्यांना सांगितले की तुमचा डबा वाचला तरी गाडी शिरवळला येतेच आणि चपात्या लाटणाऱ्या ताईही येतातच. ते राहिले, दुसरे दोघे सोडून गेले. ते दोघे गेल्यावर मला भीती वाटली, म्हणून लगेच पुन्हा भागाकार केला. 20 डब्यांवर उजवीकडचा भाग 28 रुपये झाला, एकूण किंमत 66 च्या थोडी वर गेली, आणि 1,750 च्या दराने मला डब्याला 67.30 मिळत होते. म्हणजे गिऱ्हाइके कमी होऊनही माझा पूर्ण रोज निघत होता. दर वाढवताना कमीत कमी किती गिऱ्हाइके राहायला हवीत, हे आधीच काढून ठेवा. माझ्यासाठी तो आकडा 20 होता, त्याखाली रोज कमी होऊ लागतो.

उधारीचा नियम एवढाच केला की महिन्याचे पैसे पाच तारखेच्या आत आगाऊ घ्यायचे. पगार सात तारखेला होणाऱ्यांना सातपर्यंत सूट दिली.

7. नोंदणी आणि गॅस

अन्न विकायचे तर केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, म्हणजे एफएसएसएआयची नोंदणी लागते, घरगुती डब्यालाही लागते. अर्ज foscos.fssai.gov.in येथे स्वतः भरता येतो. मी केली तेव्हा छोट्या व्यवसायाच्या नोंदणीला वर्षाला 100 रुपये शुल्क होते. मंजूर झाल्यावर 14 अंकी क्रमांक मिळतो. माझ्या नोंदणीला मुदत होती, म्हणून ती संपण्याची तारीख मी कॅलेंडरवर लिहून ठेवली. छोटा उद्योग म्हणून करायची उद्यम नोंदणी udyamregistration.gov.in येथे विनाशुल्क होते. शोधताना तशाच दिसणाऱ्या, पैसे मागणाऱ्या खाजगी साइट आधी समोर येतात. मला एका दलालाने या मोफत कामाचे 1,500 रुपये सांगितले होते.

घरची 14.2 किलोची लाल टाकी व्यवसायाला वापरता येत नाही, 19 किलोची व्यावसायिक टाकी घ्यावी लागते. लाल टाकी धरून किंमत काढलीत तर पुढे सगळा हिशेब चुकेल.

8. मोठी मागणी आली तर नवा हिशेब करा

मेमध्ये एका ठेकेदाराने 15 कामगारांचे डबे मागितले. दर 55 रुपये, पैसे 45 दिवसांनी. पूर्वी मी 66 पेक्षा कमी आहे म्हणून नाही म्हटले असते, किंवा एकदम 15 डबे आहेत म्हणून हो. दोन्ही चुकीचे झाले असते.

आधीच्या 20 डब्यांत माझा उजवीकडचा खर्च निघत होता. नव्या डब्यांवर डावीकडचे 38.10 आणि नव्या स्टीलच्या डब्यांची थोडी झीज, एवढेच लागणार होते. म्हणजे 55 ला देऊनही डब्यामागे 16 रुपये सुटत होते. दरात अडचण नव्हती. 45 दिवसांत 15 डब्यांच्या कच्च्या मालात आणि गॅसमध्ये माझे 22,000 रुपये अडकणार होते, आणि तेवढे माझ्याकडे नव्हते. शिवाय 35 डबे म्हणजे 140 चपात्या, त्या एका ताईंच्या तीन तासांत जेमतेम बसतात. त्यावर एक डबा वाढला तरी दुसरी बाई लावावी लागते आणि उजवीकडची यादी एकदम 3,900 ने वाढते.

मी 10 डबे, 58 रुपये आणि दर पंधरवड्याला पैसे असे सांगितले. पंधरवड्यात माझे 5,000 रुपये अडकणार होते, तेवढे झेपत होते. ठेकेदाराने दोन दिवसांनी होकार दिला. पहिला पंधरवडा चार दिवस उशिराने मिळाला. दुसऱ्याच्या वेळी ठरलेल्या तारखेला पैसे आले नाहीत, तेव्हा मी त्याच संध्याकाळी फोन करून उद्या डबे येणार नाहीत असे सांगितले, आणि रात्री नऊच्या आत पैसे फोनवर जमा झाले.